सावळ्या त्वचेचे अकरा फोटो

फोटोवरून त्वचेचा कर्करोग ओळखणारी संगणकीय साधनं ज्या फोटोंवर शिकतात, ते फोटो कोणाच्या त्वचेचे असतात, हे ब्रिटनमधल्या एका संशोधक गटाने मोजून पाहिलं. कोणालाही वापरता येतील असे 21 खुले संग्रह त्यांना सापडले. त्यांत मिळून 1,06,950 फोटो होते. रुग्णाच्या त्वचेचा प्रकार मात्र त्यांतल्या फक्त 2,436 फोटोंसोबत नोंदलेला होता. या 2,436 मध्ये तपकिरी त्वचेचे फोटो निघाले 10, आणि गडद तपकिरी किंवा काळ्या त्वचेचा निघाला 1. आणखी 1,585 फोटोंसोबत रुग्णाच्या वंशाची नोंद होती, त्यांत आफ्रिकी, आफ्रिकी-कॅरिबियन किंवा दक्षिण आशियाई माणसाचा एकही फोटो नव्हता. दक्षिण आशियाई म्हणजे आपण. हा निष्कर्ष 2021 च्या अखेरीस ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या नियतकालिकात आला. तोवर त्वचेचा फोटो काढून निदान सुचवणारी ॲप्स बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या जाहिरातींत ‘तज्ज्ञ डॉक्टरांइतकी अचूक’ असे शब्द सर्रास असत.

या आकड्यांमागे कोणाचा कट नाही. फोटो जमले ते ज्या आजारासाठी आणि ज्या प्रदेशात जमले, त्याचा हा परिणाम आहे. मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा, पण वेळेत न काढल्यास जीव घेणारा कर्करोग गोऱ्या लोकांत कितीतरी पटींनी जास्त होतो. ऑस्ट्रेलियात तर तो सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न आहे: उत्तर युरोपातून गेलेल्यांची फिकट त्वचा आणि डोक्यावर प्रखर सूर्य. तिथे, अमेरिकेत आणि युरोपात लोक नियमितपणे तीळ तपासून घेतात. डॉक्टर डर्मोस्कोप नावाचं छोटं भिंग त्वचेवर टेकवून प्रत्येक संशयास्पद तिळाचा फोटो घेतात आणि तो जपून ठेवतात. संगणकाला शिकवायची वेळ आली तेव्हा हेच फोटो हाताशी होते. सर्वाधिक वापरल्या गेलेल्या संग्रहांपैकी एक आहे ‘हॅम 10000’. 2018 साली खुल्या झालेल्या या संग्रहात 10,015 फोटो आहेत, आणि ते आले आहेत दोन ठिकाणांहून: ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाचं वैद्यकीय विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातला एक दवाखाना. दोन्हीकडचे रुग्ण बहुतांशी गोरे. जगभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी आणि कंपन्यांनी आपली मॉडेल्स याच फोटोंवर घडवली.

फोटो कमी, एवढंच कारण असतं तर प्रश्न मोजणीचा राहिला असता. पण सावळ्या त्वचेवर आजार दिसतोच वेगळा, आणि ते समजून घ्यायचं तर प्रकाशाकडे वळावं लागतं.

त्वचेचा रंग प्रामुख्याने मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो, आणि ते असतं वरच्या पातळ थरात. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. त्या पेशी रंगद्रव्याचे कण किती, केवढे आणि कसे पसरवतात, यात फरक असतो. रक्तवाहिन्या या थराच्या खाली असतात. त्वचेला सूज आली की त्या रुंदावतात, तिथे जास्त रक्त येतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, तांबडा परत पाठवतं, म्हणून ती जागा लाल दिसते. कॅमेऱ्याच्या भाषेत, त्या जागेचा हिरवा आकडा घसरतो.

पण खालच्या रक्तापर्यंत पोचून परत यायला प्रकाशाला वरच्या थरातून दोनदा जावं लागतं, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना. तिथे मेलॅनिन भरपूर असेल तर हिरव्या-निळ्या प्रकाशाचा मोठा भाग वाटेतच संपतो. कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून काही आकडे मी मनाने धरतो. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचा हिरवा आकडा 0 ते 255 यांत असतो. गोऱ्या त्वचेवर तो 170 असेल आणि सूज आल्यावर 130 वर आला, तर 40 ची घसरण झाली. तेवढीच सूज सावळ्या त्वचेवर आली, तर मुळात 70 असलेला आकडा 58 वर येईल. घसरण 12. त्यात फोनचा कॅमेरा अंधाऱ्या भागात जे दाणेदार डाग उमटवतो, त्यांचाच चढउतार सहा-सात आकड्यांचा असला, तर 12 ची घसरण ओळखणं कठीण होतं. आजार तितकाच आहे, त्याची फोटोतली खूण लहान झाली.

आणि खूण नुसती लहान होत नाही, तिचा रंगही बदलतो. वैद्यकाच्या पाश्चात्त्य पुस्तकांत सोरायसिसचा चट्टा गुलाबी आणि त्यावर चंदेरी खपल्या, असा रंगवलेला असतो. सावळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो. इसबाची लाली कित्येकदा दिसतच नाही. त्याऐवजी केसांच्या मुळाशी बारीक उंचवटे दिसतात आणि आजूबाजूची त्वचा राखाडी, खरखरीत होते. आणखी एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते: मुरूम किंवा डास चावल्याची जागा बरी झाल्यावर तिथे काळा डाग राहतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. फिकट त्वचेवरच्या फोटोंवर शिकलेल्या मॉडेलला काळा डाग म्हणजे नवं काहीतरी उगवलंय, असं वाटू शकतं. प्रत्यक्षात तो आधीच्या, बऱ्या झालेल्या दाहाचा उरलेला रंग असतो.

फोन या अडचणीत स्वतःची भर घालतो. समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मध्यम यावा असा कॅमेऱ्याचा हिशोब असतो. सावळा हात पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढला की चादरीच्या उजळपणामुळे कॅमेरा सगळंच चित्र मंद करतो, आणि हात आणखी काळवंडतो. मग अंधाऱ्या भागातले दाणे पुसण्यासाठी फोन ती जागा गुळगुळीत करतो. त्यात बारीक खपल्या आणि कडा जातात. तोच फोटो मेसेजमधून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि अशा दाबण्यात पहिला बळी रंगांच्या सूक्ष्म छटांचा जातो. चेहरा ‘सुंदर’ करणारी सोय चालू राहिली असेल तर विचारायलाच नको.

आता मॉडेल शिकतं कसं ते पाहू. त्याला फोटो दाखवतात, ते उत्तर देतं, चूक झाली की आतले आकडे किंचित बदलतात, आणि हे लाखो वेळा होतं. ध्येय एकच: सगळ्या चुकांची बेरीज कमीत कमी व्हावी. ही बेरीज चूक कोणाच्या फोटोवर झाली ते विचारत नाही. समजा 10,000 फोटो आहेत, 9,500 गोऱ्या त्वचेचे आणि 500 सावळ्या. मॉडेल गोऱ्यांवर 95 टक्के बरोबर येतं आणि सावळ्यांवर 60 टक्के. बरोबर उत्तरं झाली 9,025 आणि 300, म्हणजे एकूण 9,325. पत्रकावर छापलं जाईल ‘93.25 टक्के अचूक’. या आकड्यात काहीही खोटं नाही. पण 500 जणांपैकी 200 जणांना चुकीचं उत्तर मिळालं आहे, आणि ते त्या एका आकड्यात कुठेही दिसत नाही. शिवाय मॉडेल आणखी सुधारायचं ठरवलं, तर गोऱ्या गटात एका टक्क्याची सुधारणा 95 उत्तरं मिळवून देते आणि सावळ्या गटातली फक्त 5. बेरीज कमी करणारं यंत्र कष्ट कुठे घेणार, हे सांगायला नको. या उदाहरणात चाचणीच्या फोटोंतही सावळे तितकेच कमी आहेत, हे लक्षात ठेवा. शिकवणीत जी उणीव, तीच परीक्षेत असली, तर ती परीक्षेत पकडली जात नाही.

म्हणून वेगळी परीक्षा हवी होती. ती स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉक्साना दानेश्जू आणि सहकाऱ्यांनी घेतली, आणि ऑगस्ट 2022 मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये मांडली. या कामाकडे नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्यात पळवाटा बुजवलेल्या आहेत.

त्यांनी 2010 ते 2020 या काळातल्या स्टॅनफर्डच्या दवाखान्यांतल्या 570 रुग्णांचे 656 फोटो निवडले. प्रत्येक जागेची बायोप्सी झालेली होती, म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला होता. त्यामुळे ‘खरं उत्तर’ कोणाच्या नजरेवर अवलंबून नव्हतं. त्वचेचे तीन गट केले: सर्वांत फिकट 208 फोटो, मधले 241, सर्वांत गडद 207. फिकट आणि गडद गटांतले रुग्ण निदानाचा प्रकार, वय, लिंग आणि फोटोचा काळ यांनुसार जुळवून घेतले, म्हणजे फरक आढळल्यास ‘एका गटात वयस्कर जास्त होते’ असं म्हणायला जागा राहू नये. मग तीन मॉडेल्सना हे फोटो दिले. एक हॅम 10000 वर घडवलेलं. दुसरं ‘मॉडेलडर्म’. तिसरं ‘डीपडर्म’, म्हणजे स्टॅनफर्डच्याच 2017 च्या गाजलेल्या कामाच्या पद्धतीने तयार केलेलं. ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या 2017 च्या कामात 1,29,450 फोटोंवर शिकलेलं मॉडेल 21 त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने उतरलं होतं, आणि ‘डॉक्टरांइतकं अचूक’ ही भाषा तिथूनच जगभर पसरली होती.

मोजमापासाठी त्यांनी वापरलेला एक आकडा समजून घेऊ. एक कर्करोगाचा फोटो आणि एक निरुपद्रवी फोटो मॉडेलपुढे ठेवले, तर कर्करोगाच्या फोटोला ते जास्त धोक्याचा दर्जा देईल, याची शक्यता किती? 1 म्हणजे नेहमी बरोबर. 0.5 म्हणजे नाणं उडवून ठरवल्यासारखं. डीपडर्मचा हा आकडा फिकट त्वचेवर 0.61 आला आणि गडद त्वचेवर 0.50. हॅम 10000 वाल्या मॉडेलचा फिकटवर 0.72, गडदवर 0.57. मॉडेलडर्मचा 0.64 आणि 0.55. म्हणजे फिकट त्वचेवरही ही मॉडेल्स आपल्या कीर्तीपेक्षा खूप खाली आली, कारण इथे सगळे फोटो डॉक्टरांनाही शंका येऊन बायोप्सी केलेल्या अवघड जागांचे होते. पण गडद त्वचेवर त्यांतलं एक तर अक्षरशः नाणेफेकीवर उतरलं.

दुसरा आकडा रुग्णाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे: खऱ्या कर्करोगांपैकी किती पकडले? डीपडर्मने फिकट त्वचेवर 100 पैकी 69 या प्रमाणात पकडले, गडद त्वचेवर 100 पैकी 23. मॉडेलडर्मने 41 आणि 12. म्हणजे गडद त्वचेच्या 100 रुग्णांना खरोखर कर्करोग असता, तर डीपडर्मने त्यांतल्या 77 जणांना ‘काळजीचं कारण नाही’ अशा अर्थाचं उत्तर दिलं असतं. चुकांची दिशा पाहण्यासारखी आहे. उगाच घाबरवण्याची चूक झाली असती तर माणूस डॉक्टरकडे गेला असता, एखादी बायोप्सी फुकट गेली असती. इथे चूक आजार निसटण्याची आहे, आणि ती चूक माणसाला घरी बसवते.

याच अभ्यासात दोन गोष्टी अशा निघाल्या की त्यांच्याशिवाय हे चित्र अर्धवट राहील. पहिली: नुसता फोटो पाहून निदान सांगायला बसवलेले त्वचारोगतज्ज्ञही गडद त्वचेवर जास्त चुकले. हे फक्त डॉक्टरांपुरतं राहत नाही. लाखो फोटोंना बायोप्सी नसते, तज्ज्ञाने फोटो पाहून लिहिलेलं नाव हेच मॉडेलसाठी ‘खरं उत्तर’ असतं. तेव्हा सावळ्या त्वचेचे जे थोडे फोटो शिकवणीत असतात, त्यांच्यावर चुकीची नावं चिकटलेली असण्याचा धोकाही जास्त असतो. दुसरी गोष्ट आशादायक आहे. याच संग्रहातल्या विविध त्वचांच्या फोटोंवर मॉडेल्सना थोडं आणखी शिकवलं, तेव्हा फिकट आणि गडद यांतली तफावत मिटली. सावळी त्वचा हा यंत्राला न उलगडणारा विषय नाही, तो न शिकवलेला विषय आहे. प्रकाशाची अडचण खरी असली तरी ती ओलांडता येते. तिच्या आड लपून ‘भौतिकशास्त्रच असं आहे’ म्हणणाऱ्या कंपनीचं म्हणणं मला मान्य होत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण ॲपच्या माहितीत तिचा उल्लेख नेहमी येतो. त्वचेचे प्रकार मोजायला सगळीकडे फिट्झपॅट्रिक श्रेणी वापरतात. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती 1975 मध्ये मांडली ती अतिनील किरणांच्या उपचारात रुग्णाला किती मात्रा सोसेल हे ठरवण्यासाठी. प्रश्न होता, ऊन लागल्यावर तुमची त्वचा भाजते की रापते? सुरुवातीला गोऱ्यांसाठीचेच चार प्रकार होते, तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा नंतर जोडले. भारतीय त्वचा साधारण चौथ्या-पाचव्यात मोडते, काही तिसऱ्यात, काही सहाव्यात. म्हणजे कोकणस्थ घरातली निमगोरी मुलगी आणि विदर्भातला उन्हात राबणारा काळासावळा शेतकरी यांच्यातला सगळा फरक त्या तीन-चार खणांत बसवलेला. 2022 मध्ये हार्वर्डचेच समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची श्रेणी पुढे आली ती यामुळेच. एखाद्या ॲपने ‘सर्व सहा प्रकारांवर चाचणी’ असं लिहिलं असेल, तर पुढचा प्रश्न असा: पाचव्या आणि सहाव्याचे फोटो किती होते आणि त्यांवरचा निकाल वेगळा छापला आहे का?

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण इथे एक आणखी मोठी अडचण उभी राहते. आपल्याकडे त्वचेच्या दवाखान्याबाहेर बसलेले बहुतेक लोक मेलॅनोमाचे नसतातच. ते असतात नायट्याचे, खरजेचे, वांगाचे, कोडाचे, आणि अजूनही काही कुष्ठरोगाचे. हॅम 10000 च्या फोटोंना सात खण आहेत: मेलॅनोमा, साधा तीळ, आणखी काही गाठी, वाढी आणि रक्तवाहिन्यांचे डाग. त्यांत नायटा नाही, कोड नाही, कुष्ठरोग नाही. आणि अशा मॉडेलचं उत्तर सर्व खणांत मिळून 100 टक्के वाटलेलं असतं. ‘मला हे माहीत नाही’ असा खण त्यात कोणी घातलेला नसेल, तर तुम्ही त्याला मांडीवरच्या नायट्याचा फोटो द्या, ते सातपैकी एक नाव देणारच, आणि पुढे ‘87 टक्के’ असंही लिहील. ही टक्केवारी म्हणजे ओळखीच्या सात नावांपैकी या नावाकडे झुकाव किती, एवढंच. आपलं निदान बरोबर असण्याची ती शक्यता नव्हे. सावळ्या त्वचेच्या माणसाने तर तिला अजिबात वजन देऊ नये, कारण अनोळखी फोटोवरही मॉडेल ठामपणे बोलू शकतं.

नायट्याचंच पुढे पाहू. पुस्तकातला नायटा गोल असतो, कड उठावदार आणि खपल्यांची, मध्य स्वच्छ. आपल्याकडे मात्र रुग्ण आधी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जिवाणूनाशक असं एकत्र असलेलं मलम आणून महिनाभर लावतो. खाज थांबते, बुरशी पसरत राहते, आणि ते गोल कडं मोडून जातं. उरतो तो वेडावाकडा, गडद, कुठेकुठे पातळ झालेल्या त्वचेचा पट्टा. तज्ज्ञ मलमाचं नाव विचारतात, खपल्या खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि निदान करतात. फोटोत मलमाचं नाव नसतं.

कुष्ठरोगात हे जास्त गंभीर होतं. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. सावळ्या त्वचेवर सुरुवातीचा चट्टा आजूबाजूपेक्षा किंचित फिकट असतो. गोऱ्या त्वचेवर तो तांबूस दिसतो. फोटोत असा फिकट चट्टा साध्या पांढऱ्या डागांसारखा दिसू शकतो, जसे मुलांच्या गालावर येतात. पण कुष्ठरोगाची खरी खूण रंगात नाही, बधिरपणात आहे. आरोग्य कर्मचारी रुग्णाला डोळे मिटायला सांगतो, पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करतो आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगतो. चट्ट्यावरचा स्पर्श रुग्णाला कळत नाही, तेव्हा शंका पक्की होते. जगातले सगळे सावळे फोटो जमवले तरी ही माहिती फोटोत येणार नाही. फोटोंची उणीव भरून निघाली तरी साधनाची ही मर्यादा राहणारच, आणि दोन्ही मर्यादांची गल्लत करू नये.

मेलॅनोमाही आपल्याकडे दुर्मीळ असला तरी नाही असं नाही, आणि तो निराळ्या जागी येतो. गडद त्वचेच्या लोकांत तो बहुधा उन्हाचा संबंध नसलेल्या ठिकाणी उगवतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये असाच मेलॅनोमा सापडला, आणि 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी तो गेला. पाठीवरच्या आणि दंडावरच्या तिळांचे हजारो फोटो पाहिलेल्या मॉडेलने तळपाय फार कमी पाहिलेला असतो. आपल्याकडे अनवाणी चालणाऱ्या माणसाला तळव्यावरचा काळा डाग ‘काहीतरी लागलं असेल’ असाच वाटतो.

मग डॉक्टरांच्या हाती असं साधन दिलं तर प्रश्न सुटेल का? 2024 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मॅथ्यू ग्रो आणि सहकाऱ्यांचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. 39 देशांतले 389 त्वचारोगतज्ज्ञ आणि 459 सामान्य डॉक्टर यांना 46 आजारांचे 364 फोटो वापरून निदान विचारलं. नुसत्या फोटोवर तज्ज्ञ 38 टक्के आणि सामान्य डॉक्टर 19 टक्के बरोबर आले, आणि दोघंही गडद त्वचेवर चार टक्क्यांनी मागे पडले. मग त्यांना संगणकाचा सल्ला दिला. हे साधन मुद्दाम सर्व त्वचांना न्याय देईल असं घडवलेलं होतं. दोन्ही गटांची अचूकता चांगली वाढली, पण सामान्य डॉक्टरांच्या बाबतीत फिकट आणि गडद त्वचेमधली दरी आणखी पाच टक्क्यांनी रुंदावली. मला यातून दिसतं ते असं: यंत्राचा सल्ला घ्यायचा की टाकायचा हे शेवटी माणूस ठरवतो, आणि ज्याने सावळ्या त्वचेवरचा आजार फारसा पाहिलेला नाही, त्याला बरोबर सल्लाही पटत नाही आणि चुकीचाही ओळखता येत नाही. महाराष्ट्रातल्या डॉक्टरची नजर या बाबतीत जमेची बाजू आहे. तो रोज सावळी त्वचाच पाहतो, आणि स्पर्श करूनही पाहतो.

वापरणाऱ्याने यातून काय समजावं? ॲपवर छापलेली अचूकता ज्यांच्यावर मोजली त्या लोकांची असते, आणि ते लोक तुमच्यासारखे आहेत असा पुरावा नसेल तर ती तुमची मानू नये. ‘धोका आहे’ हे उत्तर आलं तर ते डॉक्टरकडे जायचं कारण मानावं. ‘धोका नाही’ हे उत्तर आलं तर सावळ्या त्वचेच्या माणसाने काहीच कळलं नाही असं समजावं, कारण वरच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगात चूक बहुतेक याच बाजूला झाली. ॲप वापरायचंच असेल तर फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत, मागे पांढरं कापड न ठेवता, चट्टा आणि शेजारची चांगली त्वचा दोन्ही येतील असा काढावा. डॉक्टरला पाठवताना शक्यतो मूळ फाइल पाठवावी. आणि आधी काय मलम लावलं, किती दिवस लावलं, खाज आहे की बधिरपणा, हे सोबत लिहावं. फोटोतून निसटणारी माहिती बहुतेक वेळा याच दोन ओळींत असते.

ज्या संस्था, विमा कंपन्या किंवा आरोग्य शिबिरं अशी साधनं विकत घेतात, त्यांच्यावरची जबाबदारी वेगळी आहे. त्यांनी विक्रेत्याकडे तीन आकडे मागावेत: गडद त्वचेचे फोटो शिकवणीत किती, चाचणीत किती, आणि त्या गटात खऱ्या आजारांपैकी किती पकडले. हे आकडे नसतील तर ते साधन आपल्या लोकांवर तपासलेलं नाही, आणि ते विकत घेऊ नये.

तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नवा किंवा वाढणारा काळा डाग असेल, किंवा अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल, तर ॲपने काहीही म्हटलेलं असो, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.